‘डिस्पाइट’च्या मागे ‘ऑफ’ नको : पेपरच्या आधीची तयारीची यादी

बारावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक मला दर वर्षी भेटते. मुलाने वाक्य नीट फिरवलेलं असतं, काळ बरोबर असतो, स्पेलिंगही बरोबर असतं, आणि मधेच ‘डिस्पाइट ऑफ’ लिहिलेलं असतं. एका ‘ऑफ’पायी आख्खा गुण जातो. स्पर्धा परीक्षांच्या ‘चूक ओळखा’ प्रश्नात तर हे दोन शब्द मुद्दामच टाकतात. म्हणून या एवढ्याशा विषयाची तयारी कशी करायची ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं देवनागरीत देतोय. ती आधी मोठ्याने म्हणा, मग वहीत इंग्रजी लिपीत स्वतः लिहा, म्हणजे स्पेलिंगचीही उजळणी होईल.

सुरुवातीला वहीच्या पानावर मधोमध एवढंच लिहा: ‘डिस्पाइट’ एकटा येतो, ‘इन स्पाइट ऑफ’ तिघं मिळून येतात. ‘डिस्पाइट ऑफ’ चूक, ‘ऑफ’ गाळलेलं ‘इन स्पाइट’ चूक, आणि ‘इन’ व ‘स्पाइट’ जोडून एक शब्द केला तर तीही चूक. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांपासून कार्यालयीन पत्रांपर्यंत हा जोडशब्द इतका दिसतो की तो बरोबरच वाटू लागतो. लिहिताना तीन शब्द आणि दोन मोकळ्या जागा मोजायच्या.

नियम पाठ झाला तरी पेपरात हात चुकतो, कारण कानाला ‘ऑफ’ची सवय लागलेली असते. ‘बिकॉज ऑफ’, ‘इन्स्टेड ऑफ’, ‘इन स्पाइट ऑफ’ एवढं ऐकल्यावर ‘डिस्पाइट’मागेही ते आपोआप येतं. म्हणून ‘ऑफ’ तिथे कुणामुळे येतो हे एकदा समजून घ्या. त्यासाठी मी वर्गात ‘नाकावर टिच्चून’ हा आपला वाक्प्रचार वापरतो. ‘विरोधकांच्या नाकावर टिच्चून तो निवडून आला’ या वाक्यात ‘च्या’ का आहे? ‘नाक’ हे नाम आहे, आणि कुणाचं नाक ते सांगायला ‘च्या’ लागतो. ‘स्पाइट’ हेही नाम आहे, अर्थ आकस, तिरस्कार. कुणाच्या तिरस्कारात ते सांगायला इंग्रजीला ‘ऑफ’ लागतो. आता ‘विरोध असूनही तो निवडून आला’ हे वाक्य घ्या. ‘असूनही’च्या आधी कुणी ‘च्या’ लावत नाही. ‘विरोधाच्या असूनही’ असं लहान मूलसुद्धा म्हणणार नाही. ‘डिस्पाइट’ला ‘असूनही’च्या जागी बसवा आणि ‘इन स्पाइट ऑफ’ला ‘च्या नाकावर टिच्चून’च्या जागी. ‘डिस्पाइट ऑफ’ ऐकलं की कानाला ‘विरोधाच्या असूनही’ ऐकू आलं पाहिजे. तसं झालं की नियम आठवावा लागत नाही.

ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही. ‘डिस्पाइट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी खालच्या नजरेने पाहणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. तोही आधी नामच होता. त्या काळी ‘इन डिस्पाइट ऑफ’ असं पूर्ण रूप लिहीत, म्हणजे अमक्याचा तिरस्कार करून, त्याला न जुमानता. ‘स्पाइट’ हे त्याच ‘डिस्पाइट’चं सुरुवातीचं अक्षर झडलेलं रूप. म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. पुढे ‘डिस्पाइट’ने आधी ‘इन’ टाकलं, मग ‘ऑफ’ टाकलं आणि तो स्वतःच शब्दयोगी अव्यय झाला. ‘इन स्पाइट ऑफ’ने दोन्ही सोबती राखले. मधल्या काळात ‘डिस्पाइट ऑफ’ खरोखर छापलं जात असे. त्यामुळे एखाद्या जुन्या इंग्रजी पुस्तकात ते दिसलं तर गोंधळू नका, पण तो दाखला आजच्या उत्तरपत्रिकेत चालणार नाही.

दोघांच्या अर्थातला फरक शोधण्यात वेळ घालवू नका, तो नाहीच. ‘एक माणसांसाठी, दुसरा वस्तूंसाठी’ किंवा ‘एक ब्रिटिश, दुसरा अमेरिकन’ असं काही गाइडांत वाचायला मिळतं, त्याला आधार नाही. वाक्यात एकाच्या जागी दुसरा ठेवला की अर्थ तोच राहतो. फरक आहे तो सुराचा. ‘डिस्पाइट’ लेखी भाषेत थोडा जास्त रुळलेला आहे, आणि आखूड असल्याने वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना सोयीचा. ‘इन स्पाइट ऑफ’ बोलताना किंचित जोर देतो. सारांशलेखनात शब्दमर्यादा असेल तेव्हा मात्र फरक पडतो, कारण एका शब्दात जे होतं त्यासाठी दुसरीकडे तीन खर्च होतात.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पुढे काय येतं याला. दोघांच्याही नंतर नाम, सर्वनाम किंवा ‘आयएनजी’ लावलेलं क्रियापद येतं. कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य येत नाही. ‘डिस्पाइट ही वॉज इल’ हे ‘डिस्पाइट ऑफ’इतकंच चूक आहे. पूर्ण वाक्य जोडायचंच असेल तर मधे ‘द फॅक्ट दॅट’ घालावं लागतं: ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट ही वॉज इल’. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण रूपांतराच्या प्रश्नात शेवटचा उपाय म्हणून ठेवा, कारण त्यात रूपांतर फारसं होतच नाही.

एक वाक्य पूर्ण करून पाहू. ‘ऑल्दो ही वॉज इल, ही अटेंडेड द मीटिंग.’ आधी ‘ऑल्दो’ खोडा. मग दोन्ही बाजूंचा कर्ता पाहा. दोन्हीकडे ‘ही’ आहे, म्हणजे पहिला ‘ही’ काढता येतो. राहिलेल्या ‘वॉज’चं ‘बीइंग’ करा: ‘डिस्पाइट बीइंग इल, ही अटेंडेड द मीटिंग’. किंवा ‘इल’ या विशेषणाचं नाम करा आणि ते कुणाचं ते सांगा: ‘डिस्पाइट हिज इलनेस, ही अटेंडेड द मीटिंग’. प्रश्नात ‘इन स्पाइट ऑफ’ मागितलं असेल तर ‘डिस्पाइट’च्या जागी ते ठेवा, बाकी अक्षरही हलत नाही. ‘हॅड स्टडीड’सारखं पूर्ण भूतकाळाचं रूप असेल तर ‘हॅविंग स्टडीड’ होतं. नकार असेल तर ‘नॉट’ आधी येतो: ‘डिस्पाइट नॉट हॅविंग मनी’.

कर्ता वेगळा असला की मुलं अडखळतात. ‘ऑल्दो इट रेन्ड हेविली, द मॅच कंटिन्यूड.’ इथे ‘डिस्पाइट रेनिंग हेविली, द मॅच’ असं लिहिलं तर सामनाच कोसळू लागतो. म्हणून ‘रेन्ड’ या क्रियापदाचं ‘रेन’ हे नाम करायचं, आणि क्रियाविशेषण असलेलं ‘हेविली’ नामाआधी आल्यावर विशेषण होऊन ‘हेवी’ होतं: ‘डिस्पाइट द हेवी रेन, द मॅच कंटिन्यूड’. अशा जोड्या वहीत वेगळ्या लिहून ठेवा. ‘पुअर’चं ‘पॉव्हर्टी’, ‘ओल्ड’चं ‘ओल्ड एज’, ‘वर्क्ड हार्ड’चं ‘हार्ड वर्क’. दहा-बारा जोड्या तोंडात बसल्या तरी बहुतेक प्रश्न सुटतात.

याच जागी मराठी आपल्याला फसवते, आणि हे गाइडात सापडत नाही. ‘आजारी असूनही पेपर चांगला गेला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. आजारी मी होतो हे ऐकणाऱ्याला कळतं. तेच सरळ इंग्रजीत नेलं की ‘डिस्पाइट बीइंग इल, द पेपर वेंट वेल’ होतं आणि आजारी पडतो तो पेपर. स्वल्पविरामानंतर जो पहिला येतो, ‘बीइंग’ त्याच्या गळ्यात पडतं. तिथे माणूस आणा, ‘डिस्पाइट बीइंग इल, आय डिड वेल इन द पेपर’, नाहीतर नाम वापरा, ‘डिस्पाइट माय इलनेस, द पेपर वेंट वेल’. मला यावर वर्गात आख्खा तास घालवावासा वाटतो, कारण ही चूक हुशार मुलांकडूनच जास्त होते. ती वाक्य मराठीत आधी सुंदर जुळवतात आणि मग उतरवतात.

दुसरी मराठी सवय ‘जरी… तरी’ची. आपल्याकडे जोडीतला दुसरा शब्द लागतोच, म्हणून हात ‘डिस्पाइट द रेन, बट वी वेंट’ असं लिहून जातो. हा ‘बट’ काढा. मूळ वाक्यात ‘बट’ असेल, जसं ‘ही वॉज टायर्ड बट ही केप्ट वर्किंग’, तर रूपांतर करताना तो जायलाच हवा: ‘इन स्पाइट ऑफ बीइंग टायर्ड, ही केप्ट वर्किंग’. ‘स्टिल’ मात्र चालतो, ‘डिस्पाइट द रेन, वी स्टिल वेंट’ यात काही बिघडत नाही, पण परीक्षेत त्याची गरज पडत नाही.

उलटा प्रश्नही एकदा सोडवून ठेवा, म्हणजे ‘इन स्पाइट ऑफ’ दिलेलं आणि ‘ऑल्दो’ किंवा ‘दो’ मागितलेलं. ‘इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी, ही कम्प्लीटेड हिज एज्युकेशन.’ इथे ‘पॉव्हर्टी’ला काळ नसतो, तो तुम्हाला मुख्य क्रियापदाकडून घ्यायचा आहे. ‘कम्प्लीटेड’ भूतकाळात आहे, म्हणून ‘ऑल्दो ही वॉज पुअर’. घाईत ‘इज पुअर’ लिहिणारे बरेच असतात. स्वल्पविरामाचंही इथेच लक्षात ठेवा: हा भाग वाक्याच्या सुरुवातीला आला तर त्याच्यामागे स्वल्पविराम द्यायचा, शेवटी आला तर सहसा देत नाहीत.

परीक्षेच्या आदल्या रात्री नवी वाक्यं घेऊ नका, आधी सोडवलेली पाच-सहा हाताने पुन्हा लिहा. आणि पेपरात शेवटची पाच मिनिटं मिळाली तर पूर्ण वाक्यं वाचत बसू नका. लिहिलेल्या प्रत्येक ‘डिस्पाइट’वर बोट ठेवा आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द पाहा. तिथे ‘द’, ‘हिज’, ‘माय’, ‘बीइंग’, ‘हॅविंग’ किंवा सरळ एखादं नाम असेल तर पुढे सरका. ‘ऑफ’ असेल तर तो एकाच आडव्या रेघेने स्वच्छ खोडा. ‘ही’, ‘शी’, ‘दे’, ‘आय’ यांपैकी कुणी असेल तर तिथे वाक्य पुन्हा जुळवावं लागेल, त्यासाठी दोन मिनिटं हाताशी ठेवा.