साठ सेकंदांत आपली अडचण सांगताना

इंदूरला प्लेसमेंटचे दिवस आले की रामबागेतली, राजवाड्याकडची मुलं माझ्याकडे मुलाखतीची तालीम करायला येतात. 'एखादा कठीण प्रसंग सांगा, एका मिनिटात' म्हटलं की बहुतेकांचं घोडं सुरुवातीलाच अडतं.

सावकाश बोललं तर मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द बसतात. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना एवढंच बघा, की वळण कितव्या सेकंदाला येतं. पंचविसाव्याच्या आसपास आलं तर ठीक.

एका मुलाच्या गोष्टीत ते पन्नासाव्यालाही येत नव्हतं. आजोबांनी दुकान कसं काढलं, वाटण्या कशा झाल्या, काका वेगळे का झाले, सगळं यायचं. "काका काढले तर काय बिघडेल?" मी विचारलं. जरा रुसलाच. काकांचं दुःख खरं होतं, पण या गोष्टीला ते लागत नव्हतं.

दुसरी अडचण वळणाची. "मग मी खूप मेहनत केली," असं तो म्हणायचा. हे सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. "आदल्या दिवशी करत नव्हतास असं कोणतं काम त्या दिवशी केलंस?" यावर बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बाबांना सांगितलं." वळण ते होतं. शेवटी गोष्ट अशी झाली:

"पहिल्या वर्षी कॉलेजनंतर रात्री दहापर्यंत बाबांच्या शेव-नमकीनच्या दुकानात बसायचो. मेकॅनिक्सला बॅक लागली, पण घरी बोललो नाही. मी उठलो तर बाबा एकटे पडतील, असं वाटायचं. पुढच्या सेमिस्टरलाही अभ्यास मागे पडायला लागला, तेव्हा एका रात्री शटर ओढल्यावर त्यांना सगळं सांगितलं आणि परीक्षेपर्यंत सहा ते आठ सुट्टी मागितली. त्यांनी तेवढ्या वेळापुरता एक मुलगा ठेवला. बॅक निघाली. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टमध्ये माझा भाग अडला, तेव्हा त्याच दिवशी गाइडना जाऊन सांगितलं."

हे मिनिटाच्या आतच संपतं. उरलेली जागा श्वासाला आणि शटरच्या वाक्यानंतर क्षणभर थांबायला ठेवली. तो तर बॅक निघाली तिथेच थांबणार होता. पण पास होणं हा निकाल झाला. त्या रात्रीची सवय पुढे कामी आली की नाही, ते प्रोजेक्टच्या वाक्यातून कळतं, आणि नोकरी देणाऱ्याला तेच हवं असतं.

सांगताना गळा दाटून येत असेल तर तो प्रसंग अजून ताजा आहे, दुसरा निवडा.

काढून टाकलेला मजकूर मात्र फेकू नका. "बाबा काय म्हणाले?" किंवा "आधी का नाही सांगितलंत?" असा पुढचा प्रश्न बहुतेक येतोच, आणि काकांची वाटणी तिथे दोन वाक्यांत चपखल बसते.