विचारलेली उंची, मोजलेली उंची: सर्वेक्षणातला लठ्ठपणाचा आकडा कसा तपासावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये एखादे कॉलेज, आरोग्य संस्था किंवा गावातली मंडळी लठ्ठपणाचे सर्वेक्षण करतात, तेव्हा बहुतेकदा घरोघरी जाऊन किंवा फोनवर दोनच प्रश्न विचारले जातात: उंची किती आणि वजन किती. काटा आणि उंचीमापी घेऊन फिरणे महाग पडते, म्हणून हा मार्ग निवडला जातो. पण लोक उंची थोडी वाढवून सांगतात आणि वजन थोडे कमी करून. अनेक देशांत हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. उंची-वजनावरून लठ्ठपणा ठरवायचे माप म्हणजे बीएमआय, आणि दोन्ही चुका त्याला एकाच दिशेने, म्हणजे खाली ढकलतात.

एक बाई घ्या. खरी उंची १५२ सेंटिमीटर, खरे वजन ६० किलो. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणे. ६० भागिले १.५२ गुणिले १.५२, म्हणजे सुमारे २६. ती सांगते, ‘पाच फूट एक इंच, अठ्ठावन्न किलो.’ पाच फूट एक इंच म्हणजे जवळपास १५५ सेंटिमीटर, आणि बीएमआय येतो २४.१. लठ्ठपणाची मर्यादा २५ धरली, तर ती लठ्ठांच्या यादीतून बाहेर गेली. आता दोन्ही चुका वेगळ्या करून पाहा. फक्त वजन चुकले असते, तर बीएमआय २५.१ आला असता आणि ती यादीत राहिली असती. फक्त उंची चुकली असती, तर २४.९७ आला असता आणि ती बाहेर गेली असती. उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे उंचीत दोन टक्के चूक झाली की बीएमआयमध्ये सुमारे चार टक्के होते. सर्वेक्षण करणारे वजनाच्या लपवाछपवीचीच जास्त काळजी करतात. माझ्या मते उंचीच्या प्रश्नाकडे आधी लक्ष द्यायला हवे.

पहिली पायरी: उंची कशी लिहिली गेली ते बघा

आपल्याकडे उंची फूट-इंचातच सांगितली जाते. कोणी ‘साडेपाच फूट’ म्हणते, कोणी ‘पाच-पाच’. प्रगणक दोन्ही ठिकाणी 5.5 लिहितो. पहिली उंची १६७.६ सेंटिमीटर आहे, दुसरी १६५.१. याहून मोठा घोटाळा पाच फूट दहा इंचाचा. तो 5.10 असा एक्सेलमध्ये भरला की शेवटचे शून्य गळून 5.1 उरते. पुढे कोणी ते पाच फूट एक इंच म्हणून वाचले, तर माणूस तेवीस सेंटिमीटरने बुटका होतो आणि न वाढलेल्या वजनानेही लठ्ठ ठरतो. म्हणून फुटांचा एक रकाना आणि इंचांचा दुसरा असे ठेवा आणि सेंटिमीटरचे रूपांतर नंतर संगणकावर करा.

ही उंची आली कुठून, हेही विचारून नोंदवा. साठीच्या पुढचे पुरुष अनेकदा तरुणपणी, भरतीच्या वेळी मोजलेली उंची सांगतात. वयाबरोबर कणा थोडा खचतो, पण सांगितलेली उंची तशीच राहते. वजनाबाबतही तसेच. काही बायकांना शेवटचे वजन गरोदरपणाच्या कार्डावरचे आठवते, काही पुरुषांना भुसार दुकानाच्या काट्यावरचे. ‘शेवटचं वजन कधी केलं?’ हा एक प्रश्न घातला, की जुनी उत्तरे वेगळी काढता येतात. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी स्वतंत्र रकाना हवा. त्यांना अंदाज करायला लावू नका आणि गुपचूप वगळूही नका.

दुसरी पायरी: काटा न लावता होणारी तपासणी

सांगितलेल्या वजनांचे शेवटचे अंक मोजा. वजने खरोखर मोजलेली असतील, तर शेवटी ० किंवा ५ येण्याचे प्रमाण साधारण पाचात एक असते. तुमच्या यादीत ते निम्म्यावर गेले, तर लोकांनी ठोकळ आकडे सांगितले आहेत. यातून चूक आहे एवढे कळते, तिची दिशा कळत नाही.

तिसरी पायरी: काही जणांना मोजा

खरा उपाय हाच आहे. यादीतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडा. जे सहज भेटतात किंवा काट्यावर उभे राहायला लगेच तयार होतात, तेवढेच घेऊ नका. आधी विचारा, उत्तर लिहा आणि मगच मोजण्याची वेगळी परवानगी मागा. मोजणार आहेत हे आधी कळले की माणूस उत्तर सावरून देतो, आणि चूक खरोखर किती होते ते तुम्हाला कळत नाही.

शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर काटा ठेवू नका. फरशीचा सपाट ओटा शोधा, नाहीतर जाड सपाट फळी घ्या. रोज सकाळी धान्याच्या दुकानातले २० किलोचे प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा. चपला, टोपी, जड दागिने काढायला सांगा. अंबाडा डोक्यावर उंच बांधलेला असेल तर सोडायला सांगा, नाहीतर तो उंचीत धरला जातो. टाचा मागच्या फळीला टेकलेल्या, नजर समोर. उंची दोनदा घ्या, आणि फरक अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त आला तर तिसऱ्यांदा.

चौथी पायरी: आकडा दुरुस्त करा

हिशोब समजावा म्हणून आकडे कल्पून घेऊ. १००० जणांनी उत्तरे दिली आणि सांगितलेल्या मापांवरून २४० जण २५ च्या वर निघाले, म्हणजे २४ टक्के. चिठ्ठ्या टाकून २०० जणांना मोजले. त्यातले ५० जण स्वतःच्या सांगण्यावरून लठ्ठ होते, आणि मोजल्यावर त्यातले ४५ खरोखर २५ च्या वर निघाले. उरलेल्या १५० जणांतही १५ जण वरचेच निघाले.

म्हणजे ‘हो’च्या गटात दहात नऊ खरे, आणि ‘नाही’च्या गटात दहात एक लपलेला. हेच प्रमाण सगळ्यांना लावा. २४० चे नऊ दशांश २१६, ७६० चा एक दशांश ७६, बेरीज २९२. लठ्ठपणा २४ नव्हे, सुमारे २९ टक्के. स्त्री-पुरुष आणि तरुण-वृद्ध यांच्या चुका सारख्या नसतात, म्हणून मोजलेल्यांची संख्या पुरेशी असेल तर हा हिशोब गटागटाने करा.

‘प्रत्येकाच्या वजनात दोन किलो मिळवून टाकू’ हा सोपा मार्ग मात्र टाळा. जड माणसे सहसा जास्त वजन लपवतात, आणि अगदी किडकिडीत माणसे कधी कधी वजन वाढवून सांगतात. सरसकट बेरजेने किडकिडीत माणसाचे आधीच फुगवलेले वजन आणखी फुगते आणि जड माणसाचे पुरेसे सुधारत नाही.

तुलना करताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंची-वजन प्रत्यक्ष मोजतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता. तुमच्या फोनवरच्या सर्वेक्षणात चोपडा किंवा शहाद्याचा आकडा १९ आला, म्हणून तिथे लठ्ठपणा कमी आहे असे म्हणता येणार नाही. काही भाग गावाचा असेल, काही विचारण्याच्या पद्धतीचा. तसेच एका वर्षी मोजून आणि पुढच्या वेळी विचारून केलेल्या सर्वेक्षणांत घट दिसली, तर आधी पद्धत बदलल्याचा संशय घ्या.

मधुमेहाशी सांगड घालताना आणखी एक गफलत होते. थोडे लठ्ठ असलेले ‘सामान्य’ गटात घसरतात, आणि ‘लठ्ठ’ गटात जास्त जाड माणसेच उरतात. मग थोड्या लठ्ठपणानेही मोठा धोका होतो, असे खोटे चित्र उभे राहते.

दुरुस्तीचे प्रमाणही उसने आणू नका. समजा जळगाव शहरात दहात नऊ आणि दहात एक असे निघाले, तरी ते धडगावच्या पाड्यांना लागू होईलच असे नाही, कारण तिथे काटा किती जणांनी पाहिला आहे आणि जाड असणे लपवावेसे वाटते का, हे वेगळे असू शकते. अहवालात सांगितलेला आकडा, दुरुस्त केलेला आकडा आणि किती जणांना मोजले, हे तिन्ही शेजारी शेजारी छापा.