मनगटाच्या फोटोवर घड्याळ बसवताना: पट्टा, काच आणि बाही

दुकानाच्या पानावर हातातलं घड्याळ बघून गिऱ्हाईक एकच अंदाज बांधतं: आपल्या हाताला हे केवढं दिसेल? म्हणून सुरुवात मापापासून करा. ज्याच्या हाताचा फोटो काढाल, त्याच्या मनगटाची वरून दिसणारी रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजून ठेवा. घेर नको, रुंदीच हवी. समजा ती ५८ मिमी आली आणि फोटोत तेवढी जागा ८७० पिक्सेल भरली, तर एका मिलिमीटरला १५ पिक्सेल झाले. म्हणजे घड्याळाची ४० मिमीची केस, अर्थात डायल बसवलेली डबी, ६०० पिक्सेलची आणि २० मिमीचा पट्टा ३०० पिक्सेल रुंद. नजरेने ओढून आकार ठरवला की घड्याळ हमखास मोठं होतं. फोटो निदान हातभर लांबून, झूम करून काढा. मोबाइल जवळ नेला तर मधला भाग फुगतो आणि हे गणित बिघडतं.

त्याच वेळी कॅमेरा न हलवता, मनगटावर साधा रबरबँड चढवून आणखी एक फोटो घ्या. पट्ट्याचा बाक कसा हवा ते हा रबरबँडच दाखवतो. कॅमेरा पंजाच्या बाजूने असेल तर बँडच्या कडा पंजाकडे झुकतात, कोपराच्या बाजूने असेल तर कोपराकडे. अगदी वरून काढलेल्या फोटोत तो जवळजवळ सरळ दिसतो.

आता फोटोशॉपमध्ये घड्याळाचे तीन लेयर करा: केस, वरचा पट्टा, खालचा पट्टा. केस धातूची, ती वाकत नाही. तिला फक्त `Edit > Transform > Distort` ने कोन द्या. `Warp` वापरायचं ते पट्ट्यांवर. सगळं घड्याळ एकाच लेयरमध्ये ठेवून वाकवलं की डायल अंड्यासारखी होते, आणि ते कुणालाही ओळखू येतं.

पट्ट्याची खरी गंमत लांबीत आहे. केसला पट्टा जिथे अडकतो ती पुढे आलेली टोकं म्हणजे लग. आपल्या घड्याळाचं एका लगच्या टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर ४८ मिमी धरू. ५८ मधून ४८ गेले, उरले दोन्ही बाजूंना ५-५ मिमी, म्हणजे ७५ पिक्सेल. तेवढ्यातच पट्टा वळून खाली जातो. मात्र त्या ७५ पिक्सेलमध्ये पट्ट्याचा ५ मिमीपेक्षा जास्त तुकडा दाबून बसवावा लागतो, कारण तो उतारावर आहे. लगजवळचा टाका पूर्ण लांबीचा दिसावा, पुढचा आखूड, आणि कडेचा जेमतेम ठिपका. टाके शेवटपर्यंत सारख्या अंतरावर राहिले तर पट्टा कागदासारखा सपाट दिसतो, बाक कितीही छान दिलेला असो. कडेकडे जाताना तो थोडा गडदही करा.

सावली दोन लेयरमध्ये, दोन्ही `Multiply` वर. एक अगदी चिकटून, बारीक आणि गडद; दुसरी पसरट, फिकी, उजेडाच्या उलट दिशेला. रंग काळा नको. त्वचेच्या सर्वांत गडद भागातला तपकिरी उचला.

काचेवरचं प्रतिबिंब हाताच्या फोटोतल्या उजेडाशी जुळलं पाहिजे. खिडकी डावीकडे असेल तर चमकही तिकडूनच हवी. काचेपुरता गोल मास्क घेऊन आत तिरका पांढरा पट्टा काढा, लेयर `Screen` वर ठेवा आणि `Opacity` साधारण १५ टक्के. काच सपाट असेल तर त्याची कड सरळ, घुमटदार असेल तर वळलेली. काटे आणि कंपनीचं नाव झाकलं जाऊ नये. घड्याळाच्या मूळ फोटोतच उलट बाजूची चमक असेल तर तो फोटो आडवा उलटवू नका, आकडे उलटे होतील. हाताचा फोटो उलटवला तर डावा हात उजवा होतो आणि चावी पंजाऐवजी कोपराकडे जाते. अशा वेळी घड्याळाचा फोटो पुन्हा काढणंच बरं.

बाही शेवटी. डाव्या हातावर ती ९ च्या आकड्याकडून येते. मूळ फोटोचा लेयर कॉपी करून सगळ्यांच्या वर न्या आणि `Pen Tool` ने बाहीची कड कापून बाकीचं मास्कने लपवा. कड दोनेक पिक्सेल मऊ ठेवा, कापड सुरीने कापल्यासारखं दिसू नये. बाहीची छोटी सावली केसवरही पडली पाहिजे, ती नेमकी राहून जाते. शिवाय ११ मिमी जाडीचं घड्याळ बटण लावलेल्या घट्ट कफाखाली मावतच नाही. `Filter > Liquify` ने कफ तिथे किंचित उचला, किंवा आधीच सैल बाहीचा फोटो काढा.

फोटोखाली एक ओळ टाका: ‘४० मिमी घड्याळ, ५८ मिमी रुंद मनगटावर’. गिऱ्हाईक आपलं मनगट मोजून स्वतःच पडताळून बघेल.