गोल्ड ईटीएफ घेताना या चुका टाळा: तुमच्या युनिटमध्ये सोनं किती आहे?

मागच्या दसऱ्याला शेजारच्या काकूंनी मला मोबाइलवर दोन गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे सोन्याचे फंड, दाखवले. एकाचं युनिट साधारण 89 रुपयांना होतं, दुसऱ्याचं 100 रुपयांना. "हे स्वस्तातलं घेऊ ना?" त्यांनी विचारलं. बहुतेक जण इथेच चुकतात.

आधी फंडाकडे काय असतं ते पाहू. आपल्याकडच्या गोल्ड ईटीएफला किमान 95 टक्के पैसे सोन्यात आणि सोन्याशी निगडित साधनांत ठेवावे लागतात. यातलं बहुतेक सोनं 995 किंवा त्याहून जास्त शुद्धतेच्या विटांच्या रूपात कस्टोडियनच्या तिजोरीत असतं. उरलेली थोडी रक्कम रोख असते. तुमचं युनिट म्हणजे या सगळ्या साठ्यातला एक वाटा. अमुक एक वीट तुमच्या नावावर नसते.

हा वाटा कायम तेवढाच राहत नाही. अनेक फंडांचं युनिट सुरुवातीला 0.01 ग्रॅमचं असतं. फंडाचा वार्षिक खर्च त्या साठ्यातूनच भागतो, त्यामुळे युनिटमागचं सोनं दरवर्षी किंचित घटतं. खर्च 0.8 टक्के धरला तर 15 वर्षांनी 0.01 ग्रॅमचं सुमारे 0.0089 ग्रॅम उरतं. म्हणून जुन्या फंडाचं 89 रुपयांचं युनिट आणि नव्याचं 100 रुपयांचं युनिट यांत सोन्याचा भाव एकच असू शकतो. पडताळायचं असेल तर युनिटच्या एनएव्हीला, म्हणजे फंडाने जाहीर केलेल्या एका युनिटच्या मूल्याला, त्या दिवसाच्या 24 कॅरेटच्या जीएसटीविना ग्रॅमच्या भावाने भागा. उत्तर येईल ते युनिटमधलं अंदाजे सोनं. फंड निवडताना युनिटची किंमत नको, खर्चाचं प्रमाण बघा.

दुसरी चूक तुलनेत होते. पेढीवरच्या पाटीवरचा भाव आणि फंडाचा भाव शेजारी ठेवून काही कळत नाही. तेवढ्याच पैशांत शुद्ध सोनं किती हाती आलं, ते मोजावं लागतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून 24 कॅरेटचा भाव 10,000 रुपये ग्रॅम धरू. 10 ग्रॅमची 22 कॅरेटची बांगडी 91,600 रुपयांची. तिच्यावर 12 टक्के घडणावळ म्हणजे 10,992 रुपये, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी. बिल होतं सुमारे 1,05,670 रुपये आणि शुद्ध सोनं 9.16 ग्रॅम. तेवढ्याच पैशांचे ईटीएफ घेतले तर ब्रोकरेज वगैरे जाऊन सुमारे साडेदहा ग्रॅम सोन्याचा वाटा मिळतो. 0.8 टक्के खर्चाने तो घटत घटत 9.16 वर यायला सुमारे 17 वर्षं लागतात.

नाण्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो, आणि तो कुणी सांगत नाही. 10 ग्रॅमचं 24 कॅरेटचं नाणं, 3 टक्के घडणावळ आणि जीएसटी धरून साधारण 1,06,090 रुपयांना पडेल. त्यात सोनं जवळपास पूर्ण 10 ग्रॅम. ईटीएफचे साडेदहा ग्रॅम 10 वर यायला सहाच वर्षं लागतात. म्हणजे दहा-पंधरा वर्षं हात न लावता ठेवायचं असेल, तर वजनाच्या हिशेबात नाणं पुढे जातं. पण विकताना सराफ किती कापणार ते आधी विचारून घ्या. बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही, त्यामुळे शेवटी सराफाकडेच जावं लागतं.

तिसरी चूक खरेदीच्या क्षणी होते. बाजारातली किंमत आणि युनिटमागच्या सोन्याची किंमत यांत फरक पडू शकतो, आणि मुहूर्ताच्या गर्दीत तो वाढतो. फंडाच्या संकेतस्थळावर दिवसभर iNAV, म्हणजे युनिटचं त्या क्षणाचं अंदाजे मूल्य, दिसतो. तो 88 असताना तुम्ही 91 ला घेतलंत, तर जवळपास साडेतीन टक्के जास्तीचे मोजले. घडणावळ वाचवायला आलो आणि दुसऱ्या नावाने दिली, असं होतं. म्हणून मिळेल त्या भावाने घेणारी मार्केट ऑर्डर टाकू नका, iNAV च्या आसपास कमाल भाव ठरवून लिमिट ऑर्डर लावा. भाव जुळला नाही तर उद्या पुन्हा बघा.

आणि काकूंचा शेवटचा प्रश्न: "लेकीच्या लग्नात हेच सोनं काढून घेता येईल ना?" नाही. फंडातून थेट सोनं घेण्याची सोय मोठ्या व्यवहारांसाठी असते. आपल्याला युनिट विकून पैसेच मिळतात, आणि त्यातून दागिना घडवताना घडणावळ, जीएसटी पुन्हा आलेच. अडचणीच्या वेळी पाटल्या गहाण ठेवून कर्ज मिळतं, तसं ईटीएफच्या युनिटवर मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसत नाही. काकूंनी पाटल्या तशाच ठेवल्या आणि दर महिन्याच्या शिल्लकीतून कमी खर्चाच्या फंडाची युनिटं घ्यायला सुरुवात केली.