फोन वाजत नाही, तरी वाचन तुटतं: या चुका टाळा

वाचन सुटलेली बहुतेक माणसं सुरुवात करतात ती फोन सायलेंटवर टाकून. मग पुस्तक उघडतात, दीड पान वाचतात, आणि फोन हातात आलेला असतो. कुणाचा मेसेज आलेला नसतो, काही वाजलेलंही नसतं. बाहेरून येणारा व्यत्यय बंद झालेला असतो, पण हात आपला आपणच फोनकडे जातो. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आपली अडचण कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवा. फोन वाजल्यामुळे किंवा थरथरल्यामुळे लक्ष गेलं तर उभी रेघ मारा. काहीच झालं नसताना फोन बघावासा वाटला तर फुली मारा, मग फोन उचललेला असो वा नसो. तीन दिवस, रोज 15 मिनिटं एवढं पुरेसं आहे. रेघा जास्त असतील तर सेटिंग बदलून काम भागेल. फुल्या जास्त असतील तर कुठल्याही सेटिंगने फारसा फरक पडणार नाही. बहुतेकांच्या चिठ्ठीवर फुल्याच जास्त निघतात.

फोन उपडा करून शेजारी ठेवणे

ही सगळ्यात नेहमीची चूक. टेक्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या लोकांनी फोन टेबलावर असलेल्यांपेक्षा बौद्धिक चाचण्या चांगल्या सोडवल्या, आणि टेबलावरचे फोनही बंद आवाजात, उपडेच होते. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. फोन लांब ठेवण्याचं खरं कारण त्याहून साधं आहे. हाताच्या अंतरावरचा फोन उचलायला ठरवावं लागत नाही. उठून दुसऱ्या खोलीत जायचं असेल, तर ‘मी आता वाचन थांबवतोय’ हे मनाशी कबूल करावं लागतं. बरीचशी ओढ तेवढ्यातच ओसरते.

‘पण घरून तातडीचा फोन आला तर?’ ही शंका रास्त आहे, आणि ती मनात राहिली तर वाचनात जीव रमत नाही. त्यासाठी `Do Not Disturb` चालू करा आणि मोजक्या नंबरांना परवानगी द्या. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलना वाट देणारा पर्यायही तिथेच असतो: तोच माणूस आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर साधारणपणे 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करेल, तर घंटी वाजते. रिंगटोन मोठी ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हातातलं स्मार्टवॉचही काढा. मनगटावरची थरथर न बघता सोडून दिली, तरी त्या क्षणी मन ‘कोण असेल’ याकडे वळतंच. वेळ मोजायला साधं घड्याळ वापरा, फोनचा टायमर नको.

अडलेला शब्द लगेच शोधणे

हा मोह फसवा आहे, कारण तो वाचनाच्या भल्यासाठीच आल्यासारखा वाटतो. शब्दाचा अर्थ दहा सेकंदांत मिळतो, पण तेवढ्यात स्क्रीनवर आणखी चार गोष्टी दिसतात. त्या न उघडताही मनाचा एक तुकडा तिथेच अडकून राहतो आणि पुस्तकातलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. त्याऐवजी शब्द आणि पान क्रमांक त्याच चिठ्ठीवर लिहा, आणि वाचून झाल्यावर सगळे शब्द एकदम शोधा. निम्मे अर्थ तर पुढच्या परिच्छेदात आपोआप उलगडलेले असतात. मध्येच आठवलेली कामंही तिथेच टिपा. कागदावर उतरलेलं काम डोक्यात घोळत राहत नाही.

पानांचं लक्ष्य, तेही झोपताना

समजा, एकाने 240 पानांचं पुस्तक आठ दिवसांत संपवायचं ठरवलं: रोज 30 पानं, रात्री अंथरुणात, आणि अलार्मसाठी फोन उशाशी. लक्ष स्थिर असताना त्याला एका पानाला दोन मिनिटं लागतात, म्हणजे रोजचा एक तास. पण लक्ष तुटत असताना त्याच पानाला तीन मिनिटं लागतात, म्हणजे दीड तास. पहिले दोन दिवस उत्साहात निभावतात. तिसऱ्या दिवशी 11 पानं होतात, चौथ्या दिवशी एकही नाही. पाचव्या दिवशी 49 पानांची थकबाकी आणि त्या दिवसाची 30, अशी 79 पानं समोर उभी राहतात. चार तासांचं काम बघून तो पुस्तक उघडतच नाही. माणूस आळशी नव्हता, हिशोबच चुकीचा होता.

त्याच माणसाने असं करावं. लक्ष्य पानांचं नाही, वेळेचं ठेवावं: रोज 12 मिनिटं. जागा अंथरूण नाही, खुर्ची. वेळ ‘रात्री कधीतरी’ नाही, तर रोज होणाऱ्या एखाद्या कामाला जोडलेली, उदाहरणार्थ जेवण झालं की लगेच. चार-पाच पानं होतील आणि पुस्तक साधारण दोन महिन्यांत संपेल. सलग तीन दिवस चिठ्ठीवर एकच फुली किंवा एकही नाही असं झालं, तर तीन मिनिटं वाढवावीत. एका बैठकीत पाचच्या वर फुल्या गेल्या, तर तीन मिनिटं कमी करावीत, पण दिवस चुकवू नये. चुकलाच, तर थकबाकी धरू नये. सवयी कशा जडतात यावर लंडनमध्ये झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सवय जडण्याचा कालावधी साधारण 66 दिवस आला, पण माणसामाणसांत तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

खुणेच्या पानापासूनच पुढे वाचणे

दोन दिवसांनी पुस्तक उघडलं की कोण कोणाचा कोण, हे धूसर झालेलं असतं. पहिली दोन-तीन मिनिटं रटाळ जातात आणि फोन नेमका तिथेच जिंकतो. थांबताना खुणेच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: आत्ता काय चाललंय आणि पुढे काय कळायचं आहे. पुन्हा सुरू करताना आधीचं दीड पान परत वाचा. प्रकरण संपवून थांबण्यापेक्षा प्रसंगाच्या मध्यावर थांबलात, तर दुसऱ्या दिवशी आत शिरणं सोपं जातं.

पुस्तक फोनवरच असेल तर ते आधी डाउनलोड करून एअरप्लेन मोड लावा. आयफोनवर `Guided Access` आणि अँड्रॉइडवर `App pinning` वापरून फोन एकाच ॲपवर अडकवता येतो. हा उपाय दुसऱ्या खोलीइतका भक्कम नाही, कारण कुलूप आणि किल्ली दोन्ही हातातच असतात.

एवढं करूनही फुल्या शून्यावर आल्या, पण वाचलेलं पान आठवत नाही, असं होऊ शकतं. तेव्हा फोनला दोष देऊ नका. डोळे तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असतील तर बहुधा झोप अपुरी आहे, वाचनाची वेळ अलीकडे आणा. झोप पुरेशी असूनही मन भरकटत असेल, तर अर्धं पान मोठ्याने वाचून बघा. आवाजात वाचताना मन दुसरीकडे गेलं की वाक्य अडखळतं आणि लगेच कळतं. तीन-चार दिवस मोठ्याने वाचूनही पुढे काय होणार याची उत्सुकता वाटत नसेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा आणि दुसरं घ्या.