वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरच्या बोर्डात झुरळे, मुंग्या, पाली: या चुका टाळा

आमचे समोरून दार उघडणारे वॉशिंग मशीन काही दिवस विचित्र वागत होते. सकाळी प्लगचे बटण दाबले की वीजगळती होताच पुरवठा तोडणारा घरातला अर्थ लीकेज ब्रेकर पडायचा, आणि दुपारी तेच मशीन निमूटपणे पूर्ण धुलाई करून द्यायचे. मेकॅनिकने हीटरवर संशय घेतला, हीटर बदलला, आणि दोष जिथल्या तिथे राहिला. शेवटी वरचे झाकण काढून डिस्प्लेच्या मागचा, मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड पाहिला, तेव्हा वायरींच्या जोडाभोवती मिरपुडीसारखे काळे कण पसरलेले होते आणि कोपऱ्यात झुरळाच्या अंड्यांचे तपकिरी रिकामे कवच चिकटलेले होते.

झुरळ स्वतः चिरडून शॉर्ट सर्किट होते असे बहुतेकांना वाटते. तसे घडतेही, पण दमट घरात अधिक नुकसान त्याची विष्ठा करते. तिच्यात क्षार असतात, ते हवेतील ओलावा ओढून घेतात आणि बोर्डावरच्या दोन टोकांमध्ये वीज वाहू देणारा पातळ थर तयार होतो. रात्रभर हवा ओली राहिली की सकाळी त्या थरातून वीज झिरपते आणि दुपारी तो वाळला की थांबते. ‘सकाळी बंद, दुपारी चालू’ हे लक्षण दिसले तर आधी तिकडेच पाहावे.

हीटरचा दोष यापासून वेगळा कसा ओळखायचा? ब्रेकर प्लग सुरू करताक्षणीच पडत असेल, तर बहुधा बोर्ड किंवा वीज आत येण्याची जागा दोषी असते; मशीन सुरू होऊन, पाणी भरून, ते तापायला लागल्यावर ब्रेकर पडत असेल, तर संशय हीटरवर जातो. नेमकी खात्री मीटर लावूनच होते, पण हा फरक मेकॅनिकला आधीच सांगितला असता तर आमचा एक हीटर वाचला असता. बटणे आपोआप दाबली जाणे, दाराचे कुलूप उगाच टकटक वाजणे, डिस्प्लेवर दर वेळी वेगळाच दोष उमटणे, ही बोर्डाच्या त्याच रोगाची पुढची लक्षणे आहेत.

मशीनच्या आत फवारा मारणे

ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. डब्यातल्या अनेक फवाऱ्यांमधला वायू ज्वलनशील असतो, त्यातील द्रावकाने काही प्लास्टिकला तडे जातात आणि मागे उरणारा चिकट थर धूळ व ओलावा धरून ठेवतो. शिवाय फवाऱ्याने झुरळे मरतात तेवढीच पळतातही, आणि स्वयंपाकघरात फवारा मारला की त्यांना सुरक्षित वाटणारी जवळची उबदार फट म्हणजे नेमके मशीन असते. बोर्डाजवळ बोरिक पावडर टाकणे किंवा डांबराच्या गोळ्या ठेवणे हेही टाळावे. पावडर वायरींच्या जोडांमध्ये शिरते आणि गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते.

झुरळांसाठी उपयोगी पडते ते विषारी आमिषाचे जेल, आणि तेही मशीनच्या बाहेर. तांदळाच्या दाण्याएवढे आठ-दहा ठिपके मशीनच्या पायांजवळ, मागच्या भिंतीच्या कडेला आणि सांडपाण्याच्या नळीच्या आसपास, मुले व पाळीव प्राणी पोचणार नाहीत अशा जागी लावावेत. त्या भागात फवारा मारू नये, कारण फवाऱ्याचा वास लागलेले जेल झुरळे खात नाहीत. बहुतेक लोक आठवड्याभरात झुरळे दिसेनाशी झाली की थांबतात; इथेच गणित चुकते. घरात सर्रास दिसणाऱ्या लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात साधारण ३० ते ४० अंडी असतात आणि ती फुटायला तीन-चार आठवडे लागू शकतात. म्हणून महिन्याने ताजे ठिपके पुन्हा लावणे भाग असते.

सगळी भोके बुजवणे

लहान झुरळाचे पिल्लू दीड-दोन मिलिमीटरच्या फटीतूनही जाते, त्यामुळे मशीन हवाबंद करण्याचा मोह होतो. तो आवरावा. मागची आणि खालची छिद्रे मोटर व बोर्ड थंड राहावेत म्हणून ठेवलेली असतात, आणि ती टेपने बुजवली की उष्णता व वाफ दोन्ही आत कोंडतात. मोठा उघडा तळ असेल तर कंपनीचे तळझाकण लावावे. ते मिळत नसेल तर बारीक नायलॉनची जाळी केवळ बाहेरच्या बाजूने, फिरत्या भागांपासून दूर बसवावी; धातूची जाळी सुटून आत पडली तर झुरळापेक्षा तिचाच धोका मोठा. खरे बुजवायचे ते सांडपाण्याच्या नळीचे भोक. नळी नुसती खोचलेली असते आणि भोवतालच्या फटीतून झुरळे वर येतात. तिथे रबरी कॉलर बसवावी.

धुलाई संपताच मशीनवर जाड आच्छादन घालणे हीही तशीच चूक आहे. आतली वाफ निघून जाईपर्यंत, निदान दोन-तीन तास, दार किंचित उघडे आणि आच्छादन बाजूला ठेवावे. लहान मुले असतील तर दारावर लक्ष असू द्यावे. भिंतीवरचे बटणही बंद करावे, कारण मशीन नुसते वीजपुरवठ्याला जोडलेले असले तरी बोर्डाचा काही भाग कोमट राहतो आणि ती ऊबच झुरळांना बोलावते.

मुंग्या, पाली आणि डिशवॉशर

मुंग्यांचे ठिकाण असते रिले, म्हणजे बोर्डावरचे विजेने चालणारे स्विच, आणि उघड्या स्विचचे संपर्कबिंदू. विजेचा धक्का बसलेली मुंगी इतरांना सावध करणारा गंध सोडते, त्या ओढीने आणखी मुंग्या येतात आणि मेलेल्या मुंग्यांचा थर संपर्क तोडतो. मुंग्यांची रांग पुसून भागत नाही. तिच्या वाटेवर, मशीनपासून दूर, मुंग्या मारणारे गोड आमिष ठेवावे आणि कामकरी मुंग्यांना ते वारुळापर्यंत नेऊ द्यावे.

पालीला आमिष नसते. ती किड्यांमागे येते, त्यामुळे मशीनजवळचा रात्रभर जळणारा दिवा बंद करणे आणि झुरळे संपवणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. वीज आत येणाऱ्या टोकांवर ती आडवी झाली, तर मोठा आवाज होऊन फ्यूज जातो. तिथले झाकण निघालेले असेल तर ते आधी बसवून घ्यावे.

डिशवॉशरमध्ये अनेकदा बटणांचा बोर्ड दारातच असतो. त्याला ऊब, वाफ आणि उष्ट्याचा वास एकत्र मिळतो. तळाच्या गाळणीत अन्नकण राहिले, तर बाहेरचे जेल निष्प्रभ ठरते, कारण झुरळांना त्याहून चांगले जेवण आत वाढलेले असते. गाळणी आठवड्यातून किमान एकदा धुवावी.

बोर्ड स्वच्छ करताना

हे काम वीजदुरुस्तीचा सराव असलेल्यानेच करावे. प्लग काढून निदान दहा मिनिटे थांबावे, वायरींच्या जोडांचा फोटो घ्यावा, मऊ ब्रशने कण झाडावेत आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने जोड पुसावेत. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. मग २४ तास वाळू द्यावे. आमच्या बोर्डाला एवढे पुरले. मात्र तांब्याच्या रेषांवर हिरवा गंज चढला असेल किंवा काळा जळका डाग दिसला, तर पुसून उपयोग नाही. तो बोर्ड दुरुस्तीला द्यावा किंवा बदलावा. मशीन वॉरंटीत असेल तर ते उघडण्याआधी अटी वाचाव्यात, कारण उघडल्याने वॉरंटी जाऊ शकते आणि कीटकांमुळे झालेले नुकसान अनेकदा तिच्यातून वगळलेले असते.

सफाईनंतर मशीनखाली एक चिकट सापळा ठेवून दर आठवड्याला पाहावे. तो पाली असलेल्या बाजूला ठेवू नये, कारण त्यात अडकलेली पाल हाल होऊन मरते. सलग चार आठवडे सापळा रिकामा राहिला, तरच जेल थांबवावे.