एसओपी अर्धी करताय? मग आधी या चुका टाळा

दिवाळी झाली की माझ्याकडे फाईली यायला सुरुवात होते. युनिव्हर्सिटीसाठी लिहिलेली हजार शब्दांची एसओपी, म्हणजे हा कोर्स मला का करायचाय हे सांगणारं निवेदन, असते, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर पाचशेची लिमिट असते, आणि डेडलाईन उद्या रात्री बारा वाजता. "ताई, जरा कमी करून द्या ना." जरा नाही हो, अर्धी करायचीय. आणि अर्धी करणं हे थोडं कमी करण्याच्या जातीचं कामच नाही, इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

चूक पहिली: चिमटे काढत बसणं

बहुतेक मुलं काय करतात, तर पहिल्या ओळीपासून सुरुवात करून इथला 'अत्यंत' काढ, तिथला 'विशेषतः' काढ, दोन वाक्यं जोडून एक कर, असं करत करत साडेआठशेपर्यंत येतात आणि मग अडकतात. पाच खोल्यांच्या घरातून पर्वरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं असेल तर प्रत्येक कपाटातली एकेक वस्तू काढून भागत नाही, अख्खी कपाटंच मागे ठेवावी लागतात.

पण खरं नुकसान पुढे होतं. साडेआठशेवर अडकलेला माणूस मग 'म्हणून', 'त्यामुळे', 'पण तेव्हा लक्षात आलं की' असले जोड कापायला लागतो, कारण ते बिनकामाचे वाटतात. आता गंमत बघा, तुम्हाला हा कोर्स का करायचाय हे नेमकं त्याच जोडांत असतं. ते गेले की उरतं काय, तर मी हे केलं, मी ते केलं, मला हे मिळालं. वाचणाऱ्याला सगळं कळतं, फक्त 'का' कळत नाही. तेव्हा कापायचंच तर अख्खा परिच्छेद कापा, जोड ठेवा.

चूक दुसरी: नको ते ठेवून हवं ते कापणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मागे पेडण्याकडची एक मुलगी आली होती, बीएस्सी झालेली, परदेशात पाण्याच्या इंजिनिअरिंगचा मास्टर्स करायचा होता. मूळ एसओपी हजाराच्या वर. तिने स्वतःच ती कापून पाचशेवर आणली होती आणि खूश होती. मी वाचली. सुरुवात अशी की लहानपणापासून मला निसर्गाची ओढ, गोव्यासारख्या निसर्गरम्य राज्यात जन्मल्यामुळे पाण्याचं महत्त्व लवकर उमगलं. मग दहावीचे, बारावीचे मार्क. मग कॉलेजच्या इव्हेंट कमिटीत काय काय केलं. मग युनिव्हर्सिटी किती नामवंत आहे. शेवटी शाश्वत जलव्यवस्थापनाबद्दल तळमळ. मी म्हटलं, बाय, हे तुझं नाव काढून कुणाचंही नाव घातलं तरी चालेल गो.

मग मूळ फाईल मागितली. पाचव्या परिच्छेदात अख्खा खजिना पडलेला. त्यांच्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतला, बांध फुटला, खारं पाणी शेतात आलं आणि कोरगुट हा खाजनातला भात लावणं बंद झालं. टीवायच्या प्रोजेक्टला ती कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन दुरुस्त केलेल्या मानशीवर गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मानस म्हणजे बांधातलं दार, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरती चढली की पाण्याच्याच दाबाने मिटतं. तिने दाराच्या दोन्ही बाजूंचा खारेपणा मोजला, साध्या भरतीला आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालासुद्धा. उधाणात दार मिटलेलं असूनही आतला आकडा चढत होता. मग पाणी फळ्यांच्या फटीतून येतंय की बांधाच्या खालून झिरपतंय? हे तिला ठरवता आलं नाही, कारण त्याचं गणित बीएस्सीत नव्हतं. निवडलेल्या कोर्सला खाडीत खारं पाणी आत कसं सरकतं यावर अख्खा विषय आहे.

आणि हा परिच्छेद तिने कापला होता! का, तर "ताई, ते प्रोजेक्ट डिटेल्स होते, आणि प्रश्न सुटला नाही असं लिहिलं तर इम्प्रेशन वाईट पडेल ना." अगं, न सुटलेला प्रश्न हेच तर तुझं जाण्याचं कारण! तो सुटला असता तर तुला कशाला पाठवायचं?

मग आम्ही ते असं बसवलं (मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगते): "आमच्या खाजनाचा बांध फुटला आणि कोरगुट लावणं थांबलं. म्हणून टीवायला मी मानशीच्या दोन्ही बाजूंचा खारेपणा मोजला. उधाणाच्या भरतीत दार मिटलेलं असूनही आतला खारेपणा वाढत होता. पाणी फटीतून येतं की बांधाखालून, हे ओळखायचं गणित मला येत नाही. ते या कोर्सच्या खाडीवरच्या विषयात आहे." पाचच वाक्यं. यात तळमळ हा शब्द कुठेय? नाहीच, आणि तरी ती दिसते.

या पाच वाक्यांना मध्ये ठेवून बाकीचं मांडलं. प्रोजेक्ट साधारण दीडशे शब्द, कोर्समधलं नेमकं काय हवं ते सव्वाशे, परत येऊन कुठे काम करणार ते शंभर, उरलेल्यात सुरुवात आणि शेवट. मार्कांना एकच ओळ, कारण मार्कशीट फॉर्मला जोडलेलीच असते. इव्हेंट कमिटी पूर्ण गेली. ती जरा रुसली, पण गेली. मात्र फॉर्ममध्ये लीडरशिपचा वेगळा प्रश्न असेल तर कमिटी तिथे घाला, तिथे तिला किंमत आहे.

माझी सवय विचाराल तर मी जुनी फाईल बंदच करायला लावते. कोऱ्या पानावर आधी एक वाक्य: मला काय कळत नाहीये, ते कशामुळे समोर आलं, आणि हा कोर्स त्यात काय देतो. मग आठवणीतून नवीन लिहायचं. जे आठवत नाही ते बहुतेक वेळा लागतही नाही. शेवटी जुनी फाईल उघडून फक्त नावं आणि आकडे तपासून घ्यायचे, तिथून वाक्यं उचलायची नाहीत. याला एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि ज्यांना पंधरा मिनिटांत हवं असतं ते माझ्यावर वैतागतात. वैतागू देत. दुसऱ्या दिवशी ती एसओपी तुमच्या क्षेत्रातल्या नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, मी का जातेय? उत्तरात "तुला आवड आहे म्हणून" आलं तर परत बसा. "तुमच्या त्या मानशीचं काहीतरी" आलं तर झालं काम.

बाकीच्या चुका, पटापट

कलामसाहेबांचं वाक्य सुरुवातीला नको, दुसऱ्याच्या शब्दांवर तुमचे पंचवीस शब्द जातात.

युनिव्हर्सिटीची स्तुती त्यांनाच ऐकवू नका, विषयाचं नाव लिहा.

फाँट बारीक करून किंवा मार्जिन खेचून शब्द कमी होत नाहीत, आणि दोन शब्दांमध्ये तिरकी रेघ मारून एक शब्द दाखवायची युक्ती तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

शेवटची गोष्ट, लिमिट शब्दांची आहे की कॅरॅक्टर्सची ते आधी बघा. इंग्रजीत पाचशे शब्द म्हणजे स्पेस धरून साधारण तीन हजार कॅरॅक्टर्स, आणि लांबलांब शब्द वापरले तर त्याहून जास्त. गूगल डॉक्समध्ये Ctrl+Shift+C दाबलं की दोन्ही आकडे दिसतात. तरी पोर्टलची मोजणी वेगळी निघू शकते, म्हणून पाच-दहा शब्द कमीच ठेवा. पेस्ट केल्यावर शेवटचं वाक्य पूर्ण दिसतंय का तेही बघा, काही फॉर्म जास्तीचा मजकूर गुपचूप कापतात आणि नेमकं परत येऊन काय करणार तेच उडतं.